शाळा, पण शालेय: ल आणि ळ लिहिताना

समजा, एका शाळेच्या कार्यक्रमाची ही छोटी बातमी तपासण्यासाठी तुमच्या हाती आली आहे:

‘काळ सकाली शालेच्या मैदानावर बाळमेलावा झाला. शाळेय मुळांनी फलांची दुकाने लावली होती. वेल कमी असूनही सगल्यांना खाऊ मिलाला. तललेली भजी तर पाच मिनिटांत संपली.’

मजकूर मुद्दाम रचलेला आहे. एवढ्या चुका एका जागी सहसा सापडत नाहीत. पण यातली एकेक चूक मला सोसायटीच्या सूचनांत, लग्नाच्या पत्रिकांत, उपाहारगृहांच्या फलकांवर आणि विद्यार्थ्यांच्या निबंधांत पुन:पुन्हा भेटत आली आहे. नीट पाहिलं तर चुका दोन दिशांच्या आहेत. ‘सकाली’, ‘फलांची’, ‘मिलाला’ यांत ळ हवा तिथे ल पडला आहे. ‘शाळेय’, ‘मुळांनी’ आणि पहिलाच ‘काळ’ यांत उलटा प्रकार झाला आहे. पहिल्या तऱ्हेची चूक हिंदी वळणाने लिहिणाऱ्याच्या किंवा घरच्या बोलीत ळ नसलेल्याच्या हातून होते. दुसरी चूक अधिक सावध माणसाची असते. आपल्याला ळ जमत नाही हे त्याला कळलेलं असतं, म्हणून तो दिसेल त्या ल च्या जागी ळ घालून मोकळा होतो. ‘शाळा’ पाठ झालेला हात ‘शाळेय’ लिहितो.

दोन्ही चुकांवर एकच इलाज सांगितला जातो: नीट ऐका आणि बोलता तसं लिहा. ज्याच्या कानावर लहानपणापासून दोन्ही ध्वनी वेगळे पडले त्याला तो पुरतो. इतरांना मात्र शब्दाकडे पाहून ठरवता येईल असं काहीतरी हवं, आणि ते मराठीत आहे.

आधी जिभेचं

ल म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मुळाशी, न च्या जागी टेकतं. ळ म्हणताना ते मागे वळून टाळूला, म्हणजे ड आणि ण यांच्या जागी लागतं. ‘कान’ आणि ‘काल’ एकामागून एक म्हणा, मग ‘काडा’ आणि ‘काळा’ म्हणा. जीभ कुठे जाते ते लगेच जाणवेल. ‘काळा’ म्हणताना टोक पुढेच राहत असेल, तर कानावर विसंबू नका.

बोलीचा मात्र काहींना चांगला उपयोग होतो. वऱ्हाडीत आणि खानदेशातल्या बोलीत प्रमाण मराठीतल्या ळ च्या जागी अनेकदा य येतो: डोया, काया, केयी. अशा घरातल्या माणसाला खरं तर तयार किल्लीच मिळालेली असते. घरी य म्हणतो आणि पुस्तकात ल सारखं काहीतरी दिसतं, तर लिहायचा तो ळ. ‘तेल’ला घरीही ‘तेल’च म्हणतो, म्हणून तिथे ल. उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर जिथे डोळ्याला ‘डोला’ म्हणतात, तिथल्या माणसाला ही सोय नाही, कारण त्याच्या बोलीत दोन्ही ध्वनी एकाच जागी येऊन मिळाले आहेत. त्याला पुढच्या खुणा अधिक लागतील.

प्रत्यय ल चे, धातू ळ चा

सर्वांत खात्रीची खूण शब्दाच्या शेपटीत असते. क्रियापदाच्या भूतकाळाचा प्रत्यय ल चा असतो: गेला, आली, केले, बसलेला. भविष्यकाळातही ल आहे: जाईल, करतील. ‘घराला’, ‘तुला’ यांतला ला, ‘गावातील’, ‘घरातला’ यांतला शेवटचा भाग, सगळीकडे ल. इथे ळ कधीच येत नाही. शब्दाच्या आरंभीही मराठीत ळ येत नाही. म्हणून ‘लळा’, ‘लाळ’, ‘लोळण’ यांत आरंभी ल आणि पुढे ळ असतो.

याचा खरा उपयोग होतो तो एकाच शब्दात दोन्ही आले की. ‘कळलं’ हा शब्द घ्या. बोलताना आपण सर्रास ‘कळ्ळं’ म्हणतो, कारण ळ च्या शेजारी आलेला ल जिभेला ओढ लागून ळ होतो. ‘मिळ्ळं’, ‘जळ्ळं’ही तसंच. लिहिताना शब्द सोलून पाहायचा: धातू ‘कळ’, प्रत्यय ‘लं’. म्हणून कळलं, जळलं, वळला, गिळली. ‘तळलेले पापलेट’ यात धातू तळ आणि प्रत्यय लेले. फलकावर ‘तललेले’ दिसतं तेव्हा धातू चुकलेला असतो, ‘तळळेले’ दिसतं तेव्हा प्रत्यय. एकदा जोड कुठे आहे ते दिसलं की दोन्ही चुका होत नाहीत. ‘मुलांमुळे’ हा शब्दही असाच पाहावा. मूल हा शब्द ल चा, आणि ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय ‘मूळ’ या शब्दाच्या घरातलं, म्हणून ळ चं. पावसामुळे, तुझ्यामुळे, त्यामुळे: हा ‘मुळे’ कधीही ल ने लिहायचा नाही.

शेवटी येणारे काही प्रत्यय मात्र ळ चे आहेत, आणि ते विशेषणं घडवतात: मायाळू, झोपाळू, विसराळू, दयाळू, ढगाळ, डोंगराळ, मधाळ, केसाळ. क्रियापदाच्या रूपांशी त्यांची गल्लत होण्याचं कारण नाही.

ल कुठे टिकला आणि कुठे वळला

आता शब्दाच्या पोटात शिरू. नेहमीच्या संस्कृतात ळ नाही, तिथे सगळीकडे ल आहे. संस्कृतातून प्राकृतात आणि तिथून मराठीत येताना दोन स्वरांच्या मधला एकटा ल वळून ळ झाला. फल ते फळ, माला ते माळ, धूलि ते धूळ, कपाल ते कपाळ, शृंखला ते साखळी, तण्डुल ते तांदूळ, आमलक ते आवळा. ज्या ल ला दुसऱ्या व्यंजनाची जोड होती तो प्राकृतात ल्ल असा दुहेरी झाला आणि मराठीत साधा ल होऊन राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच अभ्यासक ज्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरच्या ग्रंथात मराठीच्या ध्वनींचा हा प्रवास मांडला. सर्वसामान्य लिहिणाऱ्याला त्यातून एक सोपी गोष्ट हाती लागते: संस्कृत रूप आठवत असेल तर त्यात ल एकटा आहे की जोडाक्षरात, एवढंच पाहायचं.

‘काल’ आणि ‘काळ’ ही जोडी त्यासाठी फार बोलकी आहे. आदल्या दिवसाला आपण काल म्हणतो. त्याचं मूळ संस्कृत ‘कल्य’. यातल्या ल्य चा प्राकृतात ल्ल झाला, मग मराठीत क चा स्वर लांबला आणि ल टिकला: काल. समय या अर्थाच्या संस्कृत ‘काल’मध्ये ल एकटाच, म्हणून तो वळला: काळ. त्याच काळाची लेकरं म्हणजे सकाळ, संध्याकाळ, दुष्काळ, उन्हाळा, पावसाळा. म्हणजे संस्कृतातला ‘काल’ आपला काळ झाला, आणि आपला ‘काल’ वेगळ्याच घरून आला. हे लक्षात आलं की ‘काळ मी पुण्याला गेलो होतो’ असं हातून लिहिलं जात नाही.

वेल आणि वेळ यांचंही तसंच आहे. वल्लीतला ल दुहेरी, म्हणून वेल. वेलेतला एकेरी, म्हणून वेळ. गल्ल म्हणून गाल, गल म्हणून गळा. चुल्ली म्हणून चूल, मूल्य म्हणून मोल, बिल्व म्हणून बेल, फुल्ल म्हणून फूल. एकाच धातूला दोन्ही वाटा फुटल्याचंही दिसतं. ‘चल’ या धातूचं एक रूप प्राकृतात दुहेरी ल घेऊन आलं, त्यातून ‘चालणे’ झालं. दुसरं एकेरीच राहिलं, त्यातून ‘चळणे’ आलं. मन चळतं आणि चळवळ होते ती त्यामुळे.

इथे एक इशारा हवा. संस्कृत ‘तैल’मध्ये ल एकटाच दिसतो, तरी आपण तेल म्हणतो, तेळ नाही. प्राकृतात हा शब्द ‘तेल्ल’ झाला होता, ते संस्कृत रूपावरून कळत नाही. अशा शब्दांच्या बाबतीत नियमापेक्षा वापर पाहावा. शिवाय सगळे ळ एका ल पासून आले असंही नाही. गूळ हा ‘गुड’पासून, सोळा हे ‘षोडश’पासून, डाळिंब हे ‘दाडिम’पासून आलेलं आहे. तिथे ड चा ळ झाला. आणि ड ची व ळ ची जागा तोंडात एकच आहे, हे वर पाहिलंच.

फारसी-अरबीतून आणि इंग्रजीतून आलेल्या शब्दांत बहुतेक ल च असतो, कारण हे वळण पूर्ण झाल्यावर ते मराठीत आले: माल, वकील, मसाला, रुमाल, फाईल, सायकल, मोबाईल. पोर्तुगिजांकडून आलेले नाताळ आणि इस्पितळ हे दोन अपवाद तेवढे लक्षात ठेवावेत.

शाळा ळ ची, शालेय ल चा

खरी अडचण पुढे आहे, आणि तीच चांगल्या लिहिणाऱ्यांनाही अडवते. एकच शब्द मराठीत दोन वेषांत वावरतो. घरी रुळलेला फळ, काळ, बाळ, मूळ, शाळा हा एक वेष. दुसरा संस्कृतातून पुन्हा जसाच्या तसा उचललेला: फल, काल, बाल, मूल, शाला. कोणता कुठे वापरायचा हे ठरवताना मी शब्दाच्या पुढे काय जोडलं आहे ते पाहतो.

संस्कृत प्रत्यय लागला की ल परत येतो. शाळा, पण शालेय. फळ, पण फलित. काळ, पण कालीन: समकालीन, तत्कालीन. बाळ, पण बाल्य. केवळ, पण कैवल्य. प्रबळ, पण प्राबल्य. पाळणे, पण पालन, पालक, नगरपालिका. म्हणून ‘पालकांनी शिस्त पाळावी’ या वाक्यात एकाच मुळाची दोन्ही रूपं शेजारी सुखाने बसतात. ‘य’, ‘इक’, ‘ईन’, ‘इत’ हे प्रत्यय आणि त्यासोबत होणारी आ, ऐ, औ ची वृद्धी दिसली की ल लिहावा.

समासात तोच शब्द आधी येऊन पुढचा भाग संस्कृत असेल तरीही बहुधा ल राहतो: कालखंड, कालावधी, बालसाहित्य, बालरोगतज्ज्ञ, मूलभूत, स्थलांतर, जलसंपदा, फलश्रुती. पुढचा भाग घरगुती मराठी असेल तर ळ: बाळगुटी, बाळंतविडा, बळकट, मूळव्याध, फळभाजी. तोच शब्द समासाच्या शेवटी आला तर पुष्कळदा ळ च दिसतो: प्रयोगशाळा, कार्यशाळा, वेधशाळा, भूतकाळ, पर्यटनस्थळ, संकेतस्थळ. म्हणून ‘स्थळ’ आणि ‘पर्यटनस्थळ’, पण ‘स्थलांतर’.

ही प्रवृत्ती आहे, कायदा नाही. राज्यपाल आणि मनोबल शेवटी ल ठेवतात. मंगल या शब्दाने तर दोन्हीकडे घरोबा केला आहे. ग्रह मंगळ, वार मंगळवार, दागिना मंगळसूत्र, श्रावणातली पूजा मंगळागौर. पण मंगलाष्टक, मंगल कार्यालय, मंगलमूर्ती. ‘सूत्र’ संस्कृत असूनही मंगळसूत्रात ळ आहे, कारण हा शब्द पोथीपेक्षा घरातल्या बायकांच्या बोलण्यात वाढला. मला हा फरक जपण्याजोगा वाटतो. पत्रिकेवर ‘मंगळ कार्यालय’ छापलं तर वाचणाऱ्याला आधी ग्रहच आठवेल.

काही जोड्यांत दोन्ही रूपं चालतात: निर्मल आणि निर्मळ, प्रबल आणि प्रबळ, निष्फल आणि निष्फळ, बालपण आणि बाळपण. यात बरोबर-चूक नाही. एका लेखात एकच रूप ठेवावं, एवढीच माझी अपेक्षा असते. मात्र दोन्ही वेषांना वेगळे अर्थ मिळाले असतील तर तिथे निवड उरत नाही. पोलीस दल आणि तुळशीचं दळ, पदार्थविज्ञानातलं बल आणि अंगातलं बळ, चित्रकला आणि चेहऱ्यावरची कळा या अदलाबदल करण्याच्या गोष्टी नाहीत.

आता ती बातमी

सुरुवातीच्या मजकुराकडे परत जाऊ आणि शब्द एकेक करून घेऊ. ‘काळ’ इथे आदला दिवस आहे, म्हणून काल. ‘सकाली’मध्ये समय आहे, म्हणून सकाळी. ‘शालेच्या’मध्ये ‘च्या’ हा मराठी प्रत्यय लागला आहे, संस्कृत नाही. त्यामुळे शब्द घरगुती वेषातच राहतो: शाळेच्या. ‘शाळेय’मध्ये मात्र ‘एय’ हा संस्कृत प्रत्यय आहे, म्हणून शालेय. हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहावेत, म्हणजे सगळा नियम एका नजरेत दिसतो.

‘बाळमेलावा’ हा या मजकुरातला सर्वांत फसवा शब्द, कारण त्याचे दोन्ही अर्धे उलटे लागले आहेत. मेळावा हा ‘मिळणे’च्या घरातला, त्यात ळ हवाच. पुढचा भाग मराठी आहे म्हणून पहिल्या भागात ‘बाळ’ लिहावं असं नियम सुचवतो. पण ‘मुलांचा, मुलांसाठी’ अशा सर्वसाधारण अर्थी ‘बाल’ हे पूर्वपद मराठीत इतकं स्थिरावलं आहे (बालवाडी, बालनाट्य, बालदिन) की तेच घ्यावं. ‘बाळ’ म्हटलं की तान्हं मूल डोळ्यांपुढे येतं. म्हणून बालमेळावा.

‘मुळांनी’ दुकानं लावत नाहीत, मुलांनी लावली. ‘फलांची’ला पुन्हा मराठी विभक्ती आहे, म्हणून फळांची. ‘वेल’ कमी नव्हता, वेळ कमी होता. ‘सगल्यांना’चं मूळ ‘सकल’, त्यातला ल एकटा, म्हणून सगळ्यांना. ‘मिलाला’ची सोलणी मिळ आणि आला: धातूत ळ, शेवटी ल, म्हणून मिळाला. आणि ‘तललेली’ची तळ आणि लेली, म्हणून तळलेली. ‘झाला’, ‘लावली’ हे शब्द मुळातच बरोबर होते. त्यांच्या ल ला हात लावण्याचं कारण नव्हतं.

नावं, कळफलक आणि कोश

विशेषनामांना यातला कुठलाच नियम लावू नये. गोखले ल ने, काळे ळ ने लिहितात. बहुतेक कुलकर्णी ल ने लिहितात, पण कुळकर्णी लिहिणारी घरंही आहेत, आणि ते त्यांचं नाव आहे. गावांची नावं रोमन लिपीतून उतरवताना सर्वांत जास्त घोळ होतो, कारण तिथे दोन्हींना एकच अक्षर आहे. धुळे, जळगाव, भुसावळ, यवतमाळ, चिपळूण, लोणावळा यांत ळ. सोलापूर, सांगली, अकोला, पालघर, मालवण यांत ल. हे पाठच करावं लागतं.

टंकन करताना इन्स्क्रिप्ट कळफलकावर दोन्ही अक्षरं एकाच कळीवर आहेत: `n` दाबली की ल, `Shift` धरून दाबली की ळ. बोट घाईत असलं की `Shift` निसटते आणि ‘मिळाला’चा ‘मिलाला’ होतो. ही चूक ज्ञानाची नाही, हाताची आहे, आणि शब्दतपासनीस ती पकडतो. त्याला पकडता येत नाहीत त्या दोन्ही रूपं खरी असलेल्या जोड्या: काल आणि काळ, मुले आणि मुळे, वेल आणि वेळ, चाल आणि चाळ, गाल आणि गाळ, माल आणि माळ, खोल आणि खोळ, ओल आणि ओळ. ‘मुळांची शाळा’ त्याला अगदी निर्दोष वाटते. म्हणून मजकूर पूर्ण झाल्यावर शोधाच्या चौकटीत ‘काळ’, ‘मुळ’, ‘वेल’ एवढे तीन तुकडे एकेक करून टाकावेत आणि जिथे जिथे सापडतील ते वाक्य अर्थासाठी वाचावं. पानभर मजकुराला फार वेळ लागत नाही.

तरीही शंका राहिली तर कोश. पण कोशात शोधतानाही एक गोष्ट ठाऊक हवी. वर्णमालेत आपण ळ हे अक्षर ह च्या नंतर म्हणतो, आणि बहुतेक मराठी कोशांत शब्दांचा क्रमही तसाच लावलेला असतो. ‘काळ’ हा शब्द ‘काल’च्या शेजारी शोधला तर सापडणार नाही. काव, कास, काह यांनी सुरू होणारे शब्द ओलांडून ‘का’च्या अगदी शेवटी जावं लागतं. ‘वेल’ आधी मिळेल, ‘वेळ’ बराच पुढे. एका जागी शब्द दिसला नाही म्हणून तो नाही असं धरून चालू नका. दोन्ही जागा पाहा आणि दोन्ही अर्थ वाचा.